लेआउटमधल्या पावसाच्या पाण्याचा हिशेब

घरांच्या लेआउटसाठी तयार होणारा पर्जन्यजल निचरा अहवाल एका साध्या प्रश्नाचे आकड्यांत उत्तर देतो. जोराची सर आली तर या जमिनीवर पडलेले पाणी किती असेल, ते कोणत्या वाटेने जाईल आणि शेवटी कुठे सोडले जाईल? अहवालात आधी पावसाविषयीची गृहीतके येतात, मग पाइपांचे व्यास, मग उतार आणि शेवटी ओढ्यात किंवा नाल्यात पाणी सोडण्याची व्यवस्था. लिहिण्याचा हा क्रम योग्यच आहे. पण अहवाल खरा किती हे बहुतेक वेळा शेवटच्या भागात ठरते आणि तोच भाग सर्वांत घाईने लिहिलेला असतो.

समजण्यासाठी पुण्याच्या कडेला असावा तसा एक लेआउट डोळ्यांसमोर आणू. आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत, पण अशा कामात येतात त्याच मापाचे आहेत. जमीन ६ हेक्टर, पूर्वी शेती असलेली. वरच्या टोकाला रस्त्याची पातळी समुद्रसपाटीपासून ५६३ मीटर, खालच्या टोकाला ५६० मीटर, मधले अंतर ४२० मीटर. खालच्या कडेने ओढा वाहतो. घरांची छपरे २.४ हेक्टर, रस्ते आणि फरसबंद जागा १.६ हेक्टर, घरांभोवतीची मोकळी अंगणे १.४ हेक्टर आणि सार्वजनिक मोकळी जागा ०.६ हेक्टर.

पहिला प्रश्न पावसाचा. इथे वार्षिक पावसाचा आकडा जवळजवळ निरुपयोगी ठरतो. पुण्यात वर्षाला सातशेच्या आसपास मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो चार-पाच महिन्यांत विखुरलेला असतो. पाइपाला वर्षभराच्या पावसाशी कर्तव्य नाही, त्याला फक्त सर्वांत जोराच्या पंधरा-वीस मिनिटांना तोंड द्यायचे असते. पुण्यात अशा सरी बऱ्याचदा मोसमी पावसाच्या ऐन भरात पडत नाहीत. वळवाच्या किंवा परतीच्या पावसात, ढगांच्या गडगडाटासह त्या कोसळतात. म्हणून रोज सकाळी साडेआठला मोजलेल्या चोवीस तासांच्या पावसावरून निचऱ्याची आखणी करता येत नाही. त्यासाठी मिनिटामिनिटाची नोंद ठेवणाऱ्या स्वयंनोंदी पर्जन्यमापकाची बऱ्याच वर्षांची माहिती लागते. पुण्यात शिवाजीनगरच्या वेधशाळेमुळे अशा जुन्या नोंदी उपलब्ध आहेत, लहान गावांसाठी मात्र जवळच्या केंद्राचा आधार घ्यावा लागतो. या नोंदींवरून एक आलेख काढतात. किती मिनिटांच्या सरीत ताशी किती मिलिमीटर वेगाने पाऊस पडतो आणि तसा पाऊस सरासरी किती वर्षांनी एकदा येतो, हे त्यावर वाचता येते. सर जितकी लांब, तितकी तिची सरासरी तीव्रता कमी. आलेखाचा सगळा स्वभाव या एका वाक्यात आहे.

मग दोन निर्णय घ्यावे लागतात. पहिला निर्णय, किती वर्षांनी येणाऱ्या पावसाला पाइप पुरे पडले पाहिजेत? समजा पाच वर्षे धरली. त्याचा अर्थ असा पाऊस पाच वर्षांतून नेमका एकदाच पडेल असा नाही. दर वर्षी तो येण्याची शक्यता वीस टक्के असते आणि कोणत्याही पाच वर्षांत तो किमान एकदा येण्याची शक्यता सदुसष्ट टक्के निघते. म्हणजे रस्त्यावर पाणी साचण्याचा प्रसंग या आखणीने टळत नाही, फक्त विरळ होतो. किती विरळ व्हावा हा खर्चाचा निर्णय आहे आणि तो अहवालात स्पष्ट लिहिलेला असावा. केंद्र सरकारच्या १९९३ च्या मार्गदर्शक पुस्तिकेत शहराच्या कडेच्या भागात वर्षातून दोनदा पाणी तुंबणेही चालवून घेतले होते. २०१९ च्या पुस्तिकेने मोठ्या शहरांसाठी ही अपेक्षा बरीच वाढवली. कडेची जमीन आज कडेची असली तरी दहा वर्षांत शहराच्या मध्यात येते, त्यामुळे आपल्या लेआउटसाठी पाच वर्षे धरणे वाजवी आहे.

दुसरा निर्णय, किती मिनिटांची सर धरायची? याचे उत्तर जमीनच देते. सर्वांत दूरच्या छपरावर पडलेला थेंब ओढ्याशी पोहोचायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळाची सर घ्यायची. सर त्याहून आखूड असेल तर दूरचे पाणी येण्याआधी जवळचे निघून गेलेले असते, सगळ्या जमिनीचे पाणी एकाच वेळी शेवटच्या पाइपात येत नाही. सर त्याहून लांब असेल तर सगळे पाणी एकत्र येते खरे, पण तीव्रता उतरलेली असते. आपल्या लेआउटमध्ये छपरावरून आणि अंगणातून पहिल्या जाळीपर्यंत यायला ८ मिनिटे आणि पाइपातून सेकंदाला सरासरी १.४ मीटर वेगाने ४२० मीटर कापायला ५ मिनिटे धरली, तर एकूण १३ मिनिटे होतात. पाच वर्षांतून एकदा येणाऱ्या १३ मिनिटांच्या सरीची तीव्रता आलेखावरून ताशी ९० मिलिमीटर मिळाली असे समजू.

आता पडलेल्या पाण्यातले किती वाहते? छपरावरचे जवळजवळ सगळे, म्हणून त्याचा वाहगुणांक ०.९. रस्त्यांचा ०.८५, अंगणांचा ०.४, बागेचा ०.२. क्षेत्रफळांच्या प्रमाणात सरासरी काढली की पूर्ण लेआउटचा गुणांक ०.७ येतो. हा गुणांक, ताशी मिलिमीटरमधली तीव्रता आणि हेक्टरमधले क्षेत्रफळ यांचा गुणाकार करून ३६० ने भागले की सेकंदाला किती घनमीटर पाणी येईल ते कळते. ०.७ गुणिले ९० गुणिले ६, भागिले ३६०, म्हणजे १.०५ घनमीटर. सेकंदाला एक हजार पन्नास लिटर. ही रीत आयरिश अभियंता थॉमस मुल्व्हॅनी याने १८५१ मध्ये मांडली आणि लहान क्षेत्रांसाठी आजही ती पुरते. मोठ्या पाणलोटांसाठी ती वापरू नये, कारण तिथे पाऊस सगळीकडे सारखा पडतो हे गृहीतक टिकत नाही.

हाच हिशेब जमीन शेती असतानाचा करून पाहावा. तेव्हा गुणांक ०.३ होता. ढेकळांतून, बांधांना अडत पाणी यायला अर्धा तास लागत होता आणि तीस मिनिटांच्या सरीची तीव्रता फक्त ताशी ६० मिलिमीटर. उत्तर येते सेकंदाला ०.३ घनमीटर. पाऊस तोच, जमीन तीच, पण घरे झाल्यावर ओढ्यात एका वेळी पडणारे पाणी साडेतीनपट झाले. यात जमिनीत कमी मुरण्याचा वाटा आहेच, पण पाणी लवकर पोहोचण्याचाही आहे, आणि हा दुसरा वाटा अहवाल वाचणाऱ्यांच्या नजरेतून सहसा सुटतो. चांगल्या अहवालात हे दोन्ही आकडे शेजारी-शेजारी दिलेले असतात.

याच ठिकाणी आणखी एक गोष्ट तपासायची असते. ६ हेक्टर ही लेआउटची हद्द आहे, पाण्याची नव्हे. वरच्या अंगाला टेकडी असेल तर तिचे पाणी कुंपणाच्या भिंतीशी थांबणार नाही. ते पूर्वी शेतातल्या पाणंदीने किंवा ओघळीने उतरत होते. सपाटीकरणात ओघळ बुजवली की ते पहिल्याच मोठ्या पावसात रस्त्यावर येते. म्हणून कंटूर नकाशा हद्दीपलीकडेही काढावा लागतो. बाहेरचे पाणी हद्दीवर अडवून वेगळ्या उघड्या चरातून ओढ्याकडे न्यायचे, की आतल्या पाइपांत घेऊन त्यांचे व्यास वाढवायचे, हे आधी ठरवावे लागते. उघडा चर बहुधा स्वस्त पडतो आणि साफ ठेवायलाही सोपा असतो.

पाइपांचे व्यास ठरवताना सुरुवात वरून होते. वरच्या एका गल्लीकडे अर्ध्या हेक्टरचे पाणी येते. तिथे पाणी ८ मिनिटांतच पोहोचते, म्हणून तिच्यासाठी अधिक तीव्र, समजा ताशी ११० मिलिमीटरची सर घ्यावी लागते. सगळीकडे एकच तीव्रता लावली तर वरचे पाइप तोकडे पडतात किंवा खालचे उगाच मोठे होतात. या गल्लीचे पाणी सेकंदाला १०७ लिटर येते. ३०० मिलिमीटरचा सिमेंट काँक्रीटचा पाइप शंभरात एक उताराने टाकला तर त्यातून सुमारे ८४ लिटर जाते, ३५० मिलिमीटरच्या पाइपातून १२६ लिटर. म्हणून ३५०. पुढे प्रत्येक चेंबरपाशी नवे क्षेत्र जोडले जाते, वेळ थोडा वाढतो, तीव्रता थोडी उतरते आणि नवा व्यास काढला जातो. अहवालातला लांबलचक तक्ता म्हणजे हीच कृती चेंबरमागून चेंबर केलेली असते.

पाइपातून किती पाणी जाईल हे ज्या सूत्राने काढतात ते रॉबर्ट मॅनिंग या दुसऱ्या आयरिश अभियंत्याने १८८९ मध्ये मांडले. पाइपाचे माप, उतार आणि आतला खडबडीतपणा या तीन गोष्टींवर ते चालते. व्यास दुप्पट केला तर वहनक्षमता सहापटीहून जास्त वाढते, उतार दुप्पट केला तर फक्त एक्केचाळीस टक्के. खडबडीतपणाचा आकडा मात्र अहवालातली सर्वांत निसरडी जागा आहे. नव्या काँक्रीट पाइपासाठी ०.०१३ धरतात. जोड थोडे सरकलेले, तळाशी रेती बसलेली अशा पाइपासाठी ०.०१५ धरणे शहाणपणाचे. आपल्या शेवटच्या टप्प्यात उतार दीडशेत एक आहे आणि १०५० लिटर न्यायचे आहेत. ०.०१३ धरले तर ८०० मिलिमीटरचा पाइप १०८० लिटर नेतो, म्हणजे कागदावर पास. ०.०१५ धरले की तोच पाइप ९३६ लिटरच नेतो आणि नापास होतो. ९०० मिलिमीटरचा पाइप मात्र या जुन्या अवस्थेतही १२८० लिटर नेतो. दोन पाइपांच्या किमतीत फरक असतो, पण खोदाई, भराई आणि वरचा रस्ता यांचा खर्च जवळपास सारखाच येतो. तिसऱ्या दशांशस्थळातल्या एका आकड्यावर व्यास ठरत असेल तर मोठा व्यास घ्यावा.

उताराच्या मर्यादा दोन्ही बाजूंनी असतात. वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या खाली गेला की माती आणि वाळू तळाशी बसू लागते. वेग ३ मीटरच्या वर गेला की तीच वाळू पाइपाचा तळ घासते. आपल्या शेवटच्या पाइपात वेग सुमारे २ मीटर आहे, म्हणजे ठीक. अडचण बहुधा सपाट जमिनीवर येते. तिथे उतार मिळवण्यासाठी पाइप खाली-खाली न्यावा लागतो आणि ओढ्याशी पोहोचेपर्यंत तो ओढ्याच्या तळाच्याही खाली गेलेला असतो. लहान पाइप मोठ्याला जोडताना दोघांचे तळ सारख्या पातळीवर ठेवायचे नसतात, माथे सारख्या पातळीवर ठेवतात. तळ जुळवले तर मोठा पाइप भरताच लहान पाइपात पाणी मागे चढते. ड्रॉइंगवर ही चूक लांबीच्या छेदात लगेच दिसते, फक्त तो छेद कोणीतरी उघडून पाहावा लागतो.

रस्त्याखाली पाइपावर सुमारे ९० सेंटिमीटर भराव हवा, नाहीतर जड वाहनांनी तो फुटतो. त्या हिशेबाने आपल्या खालच्या टोकाला पाइपाचा माथा ५५९.०० मीटरवर आणि तळ ५५८.१० वर येतो. ओढ्याचा तळ ५५७.४० वर आहे. पाइपाचे तोंड ओढ्याच्या तळापासून सत्तर सेंटिमीटर वर, म्हणजे सगळे बरोबर दिसते. बरेच अहवाल इथेच संपतात. पण ओढा पावसाळ्यात कोरडा नसतो. लेआउटवर जोराची सर पडते तेव्हा ओढ्याच्या पाणलोटातही पाऊस चालू असतो. महाराष्ट्रात नद्यांसाठी निळी पूररेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल पूररेषा शंभर वर्षांच्या पुराची मानतात. ओढ्यासाठी अशी आखलेली रेषा अनेकदा नसते, तेव्हा पुराची पातळी अहवाल करणाऱ्याने स्वतः काढायची असते. जुन्या पुलाच्या कमानीवरच्या खुणा आणि काठावरच्या जुन्या रहिवाशांच्या आठवणी यांच्याशी तिचा मेळ घालता येतो.

आपल्या ओढ्याची पंचवीस वर्षांची पूरपातळी ५५९.३० मीटर निघाली असे धरू. ती पाइपाच्या माथ्याहून ३० सेंटिमीटर वर आहे. म्हणजे पुरात पाइपाचे तोंड बुडालेले असणार. आता पाइपाचा स्वतःचा उतार हिशेबात उरत नाही. पाणी वाहायला जी चढण लागते ती ५५९.३० पासून मागे मोजावी लागते. ९०० मिलिमीटरच्या पाइपातून १०५० लिटर न्यायला दर २२३ मीटरला एक मीटर चढण लागते. शेवटचा टप्पा १२० मीटरचा आहे, म्हणून त्याच्या वरच्या चेंबरमध्ये पाणी ५५९.८४ पर्यंत चढेल. तिथे रस्ता ५६०.८६ वर आहे. चेंबरचे झाकण उचलले जाणार नाही, एक मीटरची सोय शिल्लक आहे. पूरपातळी ५६०.२० असती तर ओढ्याचेच पाणी पाइपातून उलटे येऊन ५६० मीटरवरच्या रस्त्यावर पसरले असते, आणि पाइपाचा व्यास कितीही वाढवला तरी त्याने काही झाले नसते.

रस्ता वाचला तरी तळघर वाचेलच असे नाही. पार्किंगचा तळ ५५८ मीटरवर असेल आणि त्याचे पाणी थेट चेंबरला जोडलेले असेल, तर पुराच्या वेळी चेंबरमधले पाणी त्या जोडणीतून तळघरात शिरते. तळघराचे पाणी खड्ड्यात साठवून पंपाने चेंबरच्या वरच्या पातळीवर सोडणे एवढाच मार्ग उरतो. पाइपाच्या तोंडाला एका बाजूने उघडणारी झडप बसवतात. ती ओढ्याचे पाणी आत येऊ देत नाही, पण बंद असेपर्यंत लेआउटचे पाणीही बाहेर जात नाही. मुंबईत हीच अडचण समुद्रामुळे येते. पावसाळी नाल्यांची बरीच मुखे भरतीच्या पातळीखाली आहेत. जुनी व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पाऊस आणि ओहोटी गृहीत धरून केलेली होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतरच्या काळात हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह अशा ठिकाणी भरतीच्या वेळी पाणी उपसून समुद्रात टाकणारी पंपिंग केंद्रे उभी राहिली.

ओढ्यात पाणी सोडण्याची जागाही नीट बांधावी लागते. सेकंदाला दोन मीटर वेगाने पडणारा झोत मातीचा काठ पोखरतो. म्हणून पाइपाभोवती दगडी किंवा काँक्रीटची भिंत, तिच्यापुढे फरशी आणि त्यापुढे दगडांची पिचिंग करतात. पाइपाचे तोंड ओढ्याच्या प्रवाहाच्या दिशेने तिरके ठेवतात. ते काटकोनात ठेवले तर झोत समोरच्या काठावर जातो आणि तो काठ दुसऱ्या कोणाच्या मालकीचा असतो.

साडेतीनपट झालेले पाणी ओढ्याने घ्यावे का, हा प्रश्न उरतोच. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला पूर आला आणि काठच्या वसाहतींत माणसे दगावली. अरुंद झालेल्या ओढ्यात आणखी पाणी लवकर ओतणे म्हणजे खालच्या वस्तीचा धोका वाढवणे. म्हणून पाणी काही काळ लेआउटमध्येच धरून, पूर्वीच्या ०.३ घनमीटर वेगाने सोडता येते. किती जागा लागेल? १३ मिनिटांच्या सरीसाठी हिशेब केला तर सुमारे ५८५ घनमीटर. पण इथे पाइपाचा नियम लागू पडत नाही. टाकीचा प्रश्न एकूण पाण्याचा असतो, सर्वांत मोठ्या झोताचा नसतो. ३० मिनिटांची, ताशी ६० मिलिमीटरची मवाळ सर घेतली तर ७२० घनमीटर जागा लागते. म्हणून वाढत्या लांबीच्या सरी तपासत जायचे आणि जागेची गरज जिथे सर्वाधिक येते तो आकडा घ्यायचा. ९०० घनमीटरला ३००० चौरस मीटरचे खेळाचे मैदान तीस सेंटिमीटर खोल ठेवले तरी भागते. सर ओसरल्यावर काही तासांत ते पुन्हा मोकळे होते. मोठ्या ओढ्याच्या अगदी खालच्या भागात मात्र पाणी धरून ठेवणे उलटही ठरू शकते. ओढ्याचा मोठा लोंढा उशिरा येतो आणि धरलेले पाणी नेमके तेव्हाच त्यात पडते. त्यामुळे साठवणीचा निर्णय ओढ्याच्या वेळापत्रकाशी ताडून घ्यावा लागतो.

प्रत्यक्ष कामात बिघाड तीन ठिकाणी होतो. बांधकाम चालू असताना वाळू आणि सिमेंटचे पाणी पाइपांत जाऊन घट्ट बसते. रस्त्यावर नंतर डांबराचे थर चढतात आणि जाळ्या खड्ड्यात किंवा उंचवट्यावर जातात. आणि कोणीतरी सांडपाण्याचा पाइप पावसाळी चेंबरला जोडतो. तिसरी गोष्ट ओळखणे सर्वांत सोपे आहे. एप्रिल-मे महिन्यात ओढ्याकाठच्या मुखाशी जाऊन उभे राहावे. पाणी वाहत असेल तर ते पावसाचे नाही. पाइप खरोखर ठरलेल्या उताराने पडले आहेत का, हे माती भरण्याआधी प्रत्येक चेंबरच्या तळाची पातळी मोजून तपासावे लागते. दीडशेत एक उतारात तीस मीटर अंतराच्या दोन चेंबरांमध्ये फक्त वीस सेंटिमीटरचा फरक असतो आणि तेवढी चूक खोदाईत सहज होते.

लेआउटमध्ये भूखंड घेणाऱ्याने विकासकाकडे निचरा अहवालातला लांबीचा छेद मागावा आणि त्यावर शेवटच्या चेंबरपाशी रस्त्याची पातळी, पाइपाचा तळ आणि ओढ्याची पूरपातळी शोधावी. यांपैकी पूरपातळी लिहिलेली नसेल तर अहवाल अपुरा आहे आणि त्यावर आधारलेल्या पाइपांच्या व्यासांवर विसंबू नये.